घडाघडा वाचते, पण गोष्ट सांगता येत नाही

प्रश्न: माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यमात. कोणतंही पुस्तक दिलं तरी घडाघडा वाचते, जोडाक्षरंसुद्धा अडत नाहीत. पण वाचून झाल्यावर "काय होतं गं गोष्टीत?" असं विचारलं की गप्प बसते, नाहीतर एखादंच वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवते. परत वाचायला लावलं तरी तेच. तिची स्मरणशक्ती कमी आहे का? काय करावं?

उत्तर:

ताई, स्मरणशक्तीचा विचार आधी बाजूला ठेवा. एक वाक्य ती जसंच्या तसं म्हणून दाखवते, म्हणजे लक्षात राहतंय. अडचण बहुतेक वेळा सांगण्याच्या क्षणी नसते, ती वाचतानाच झालेली असते. वाचता वाचता डोळ्यांसमोर गोष्ट उभीच राहिली नसेल, तर शेवटी विचारल्यावर मूल सांगणार काय? म्हणून "परत वाच" म्हटल्याने काही होत नाही. दुसऱ्यांदाही ती तसंच वाचते, फक्त थोडं अधिक वेगाने.

मी गेली अठरा वर्षं प्राथमिकच्या मुलांबरोबर वाचनाचं काम करते आहे. अशी मुलं शिक्षकांच्या नजरेतून सहज निसटतात, कारण ती छान वाचतात. त्यात आपली लिपीही थोडी फसवते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीचशी पक्की आहे. त्यामुळे अर्थ ठाऊक नसलेला शब्दही मूल न अडखळता म्हणू शकतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, समजलं.

मात्र एक जागा अशी आहे जिथे लिपी मदत करत नाही. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार होतात. 'चार आणे' मधला च वेगळा आणि गुरांच्या 'चारा' मधला वेगळा, पण लिहितो आपण दोन्ही सारखेच. शब्द ओळखीचा असेल तर मूल आपोआप बरोबर उच्चार करतं. एरवी घरात 'चारा' नीट म्हणणारं मूल वाचताना तो 'चार'सारखा म्हणत असेल, तर ते अक्षरं वाचतंय, शब्दापर्यंत पोचत नाहीये. तिच्या वाचनाकडे एकदा असं कान देऊन ऐका. घरात मराठी कमी बोलली जात असेल तर ही खूण लावू नका, तेव्हा उच्चार वेगळ्या कारणानेही बदलतो.

आता तुमच्या मुलीचं नेमकं काय आहे, ते मला इथून सांगता येणार नाही. घरीच पंधरा-वीस मिनिटांत बरंच कळेल. साधारण सारख्या लांबीच्या, सारख्या सोप्या, तिने आधी न वाचलेल्या दोन छोट्या गोष्टी घ्या. विषय तिच्या जगातला हवा. शहरात वाढलेल्या मुलीला गोठ्याची गोष्ट दिली तर तिचं आकलन नाही, गोठ्याची ओळख मोजली जाईल. एक गोष्ट तिला वाचायला द्या आणि सांगायला लावा. दुसरी तुम्ही वाचून दाखवा आणि सांगायला लावा. दोन्ही वेळा ती जे बोलेल ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. मधे दुरुस्त करू नका, "आणि मग?" एवढंच म्हणा.

ऐकलेली गोष्ट नीट सांगितली आणि वाचलेली सांगता आली नाही, तर भाषेची समज शाबूत आहे. वाचताना तिचं सगळं लक्ष उच्चारांकडे आणि वेगाकडे जातंय. मोठ्याने वाचणं म्हणजे परीक्षाच, असं अनेक मुलांच्या मनात बसलेलं असतं. अशा मुलीला आधी एकदा मनात वाचू द्या, पूर्णविरामाला श्वास घ्यायला शिकवा, घड्याळ लावून शब्द मोजणं थांबवा. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो.

ऐकलेली गोष्टही सांगता आली नाही, तर काम वाचनाच्या खाली, भाषेच्या समजेत आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हेच जास्त दिसतं. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. लिहिलेलं उलगडून वाचता येणं आणि भाषा समजणं, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचनाचं आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू कितीही मोठी असली तरी दुसरी शून्याजवळ असेल तर उत्तर शून्याजवळच राहतं.

तिसरी शक्यता कमी आढळते, पण तपासायला हवी. मुलीला गोष्ट समजलेली असते, पण ओळीने मांडता येत नाही. तिला चित्रं काढून किंवा खेळण्यांची नाटुकली करून दाखवायला सांगा. तिथे सगळं बरोबर आलं तर अडचण मांडणीची आहे. घरची बोली पुस्तकापेक्षा वेगळी असेल तर घरच्या बोलीत सांगू द्या. अहिराणी किंवा मालवणीत फुलून गोष्ट सांगणारी मुलं पुस्तकी मराठीत गप्प झालेली मी पाहिली आहेत.

पाठाखालचे प्रश्न या तपासणीसाठी वापरू नका. का ते पाहा. "चिंकू मळग्यावर तुरबटत होता." आता सांगा, चिंकू कुठे तुरबटत होता? मळग्यावर. चिंकू काय करत होता? तुरबटत होता. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि आपल्याला कळलं काहीच नाही, कारण हे शब्दच मी आत्ता बनवलेत. प्रश्नातला शब्द ओळीत शोधायचा आणि शेजारचा शब्द उत्तर म्हणून द्यायचा, हे कौशल्य ही मुलं फार लवकर शिकतात. त्यावर त्यांना गुणही मिळतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते एका मुलाच्या उदाहरणावरून सांगते. चौथीतला, खेड्यात वाढलेला, घरी गुरं असलेला मुलगा. वाचन एकदम सफाईदार. त्याच्यासाठी मी हा उतारा लिहिला होता:

"रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी उठल्या उठल्या सदू गोठ्याकडे धावला. गव्हाणीतला चारा तसाच होता आणि दावं तुटलेलं होतं. त्याने आईला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. दोघं ओढ्याच्या दिशेने निघाली. काठावर पोचण्याआधीच घुंगरांचा आवाज कानावर आला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला."

त्याने एकदाही न अडखळता वाचलं. सांग म्हटल्यावर म्हणाला, "पाऊस पडला. मग सदू धावला. मग आई आली. मग भांडं पडलं."

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं, कारण त्यात सगळं दिसतं. काही वाक्यांतला एकेक तुकडा त्याने उचलला होता. तुकडे क्रमाने होते, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. सगळीकडे 'मग', कुठेही 'म्हणून' नाही, 'कारण' नाही. आणि ज्या जनावरासाठी ही सगळी धावपळ झाली ते त्याच्या गोष्टीत नव्हतंच. उताऱ्यात तरी कुठे आहे? गाय किंवा बैल हा शब्दच त्यात नाही.

मी त्याला सुटं विचारलं, "दावं म्हणजे काय रे?" "गाय बांधतात ते." "गव्हाण?" "चारा घालतात ती." म्हणजे शब्द येत होते आणि गोठाही रोजच्या पाहण्यातला होता. जे माहीत होतं ते वाचताना कामाला लागत नव्हतं. 'जीव भांड्यात पडणे' मात्र त्याला खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून भांडं पडलं. या दोन वेगळ्या उणिवा आहेत. ठाऊक नसलेला शब्द किंवा वाक्प्रचार सांगून टाकावा, त्यावर कोडी घालत बसू नये. पण ठाऊक असलेलं जोडता येत नाही, याला सराव लागतो.

दुसऱ्या दिवशी तोच उतारा घेतला आणि वहीचा पुठ्ठा ठेवून खालच्या ओळी झाकल्या. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. प्रश्न एकच, "आता तुला काय दिसतंय?" पहिल्या वाक्याला तो म्हणाला, "पाऊस." मी माझं सांगितलं, "मला अंधार दिसतोय, पत्र्यावर जोरात आवाज येतोय, अंगणात चिखल झालाय." मोठ्या माणसाने स्वतःला काय दिसतं ते आधी बोलून दाखवणं फार आवश्यक आहे, कारण 'दिसणं' म्हणजे नेमकं काय हेच या मुलांना ठाऊक नसतं.

तिसऱ्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. "काय दिसतंय?" "चारा. तुटलेलं दावं." "दाव्याला काय बांधलेलं असतं?" "गाय." "दावं तर तुटलंय. मग गाय कुठंय?" तो गप्प राहिला. पुन्हा ओळीवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाला, "पळाली!" आणि लगेच पुढे, "पण बाई, असं लिहिलेलं नाहीये."

त्या एका वाक्याने मला त्याची खरी अडचण सांगितली. जे छापलेलं आहे तेवढंच बोलायचं, असा त्याचा समज होता. तीन-चार वर्षं पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरं धड्यातून उचलून लिहिल्यावर हा समज होणारच. मी त्याला सांगितलं की लिहिणारा सगळं लिहीत नाही, काही गोष्टी वाचणाऱ्यावर सोडतो आणि त्या आपण भरायच्या असतात. फक्त एक अट. न लिहिलेलं सांगायचं, पण ते कशावरून कळलं तो शब्द बोटाने दाखवायचा. ही अट नसली तर काही मुलं मनाला येईल ते भरतात, गायीला वाघाने नेलं वगैरे. बोट कुठेच ठेवता आलं नाही की मूल स्वतःच म्हणतं, "नाही, हे माझ्याच मनातलं होतं."

पाचव्या वाक्याला विचारलं, "ती म्हणजे कोण?" त्याने "गाय" म्हटलं. सर्वनामांपाशी ही मुलं सर्रास घसरतात, आणि मराठीत 'ती' माणसालाही चालतं, गायीलाही आणि वहीलाही. आम्ही मागच्या वाक्यात गेलो आणि 'ती' पासून 'आई' पर्यंत पेन्सिलने बाण काढला. मग "पिठाचे हात का?" याचं उत्तर त्याने लगेच दिलं, "भाकरी करत होती." बोट 'पिठाच्या' या शब्दावर. "मग हात धुऊन का नाही आली?" "सदू ओरडला असंल." इथे बोट 'हाक' वर. उताऱ्यात ओरडला असं नाही, पण त्याला ते दिसलं होतं.

शेवटच्या वाक्याला वाक्प्रचाराचा अर्थ मी सांगून टाकला. घुंगरं कुणाच्या गळ्यात, हे मी विचारण्याआधीच त्याने सांगितलं.

मग पुठ्ठा बाजूला केला, पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "शेजारच्या वर्गातल्या बाईंना ही गोष्ट माहीत नाही, त्यांना सांगून ये." हे मुद्दाम. मी उतारा वाचलेला आहे हे त्याला ठाऊक होतं. ज्याला सगळं माहीत आहे त्याला कशाला सांगायचं? घरी तुम्ही हे आजीला, आजोबांना किंवा संध्याकाळी परतलेल्या बाबांना सांगायला लावू शकता, फक्त त्यांनी ती गोष्ट खरोखरच ऐकलेली नसावी. त्या बाईंनी नंतर मला त्याचं सांगणं सांगितलं: "रात्री लई पाऊस झाला, म्हणून सदू सकाळी गोठ्यात बघायला गेला. तर गाय दावं तोडून पळाली होती. मग त्याने आईला बोलावलं, ती भाकऱ्या टाकून आली. ओढ्याकडे गेल्यावर घुंगराचा आवाज आला, म्हणून त्यांना बरं वाटलं."

एका दिवसात मूल बदललं असं समजू नका. या एका उताऱ्यावर मी त्याच्याबरोबर अर्धा तास बसले होते. दुसऱ्या दिवशी नवा उतारा दिला तर पुन्हा 'मग, मग, मग'. हे होतंच. पहिले दोन-तीन आठवडे थांबवण्याचं काम मोठ्या माणसाचं असतं. पुढे मी उताऱ्यात आधीच बारीक फुल्या करून ठेवते आणि मूल फुलीपाशी आपण होऊन थांबतं. त्यानंतर फुल्या पुसायच्या. या मुलाला फुल्यांशिवाय अर्ध्या पानाची गोष्ट सांगता यायला सुमारे तीन महिने लागले, आणि दोन पानांची गोष्ट दिल्यावर पुन्हा मागे गेला. लांबी वाढली की थोडे दिवस फुल्या परत आणाव्या लागतात. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी पंधरा मिनिटं, सहा ते आठ वाक्यांचा उतारा, एवढं पुरे. जास्त ताणलं की मुलाला थांबण्याचाच कंटाळा येतो.

अनेक शाळांत पाच बोटांची युक्ती शिकवतात: कोण, कुठे, काय अडचण आली, काय केलं, शेवटी काय झालं. ती चांगली आहे, मीही वापरते, पण नंतर. गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहायच्या आधी ही बोटं दिली तर मूल पाच रकाने भरतं, आणि 'काय अडचण आली' मध्ये 'पाऊस' लिहून मोकळं होतं. ज्यांची अडचण मांडणीची आहे, म्हणजे वरची तिसरी शक्यता, त्यांना मात्र ती पहिल्या दिवसापासून द्यावी.

प्रगती मोजताना किती वाक्यं सांगितली हे मोजू नका. 'म्हणून', 'कारण', 'पण', 'तेवढ्यात', 'तरीही' हे शब्द यायला लागले का ते पाहा. हे शब्द आले म्हणजे घटना एकमेकींना जोडल्या गेल्या. आणि न लिहिलेली एखादी गोष्ट तिने सांगण्यात घातली का तेही पाहा. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं येणं कमी होऊन तिचे स्वतःचे शब्द वाढायला हवेत, ते कितीही घरगुती असले तरी. 'लई पाऊस झाला' ला मी कधीही 'खूप पाऊस पडला' अशी दुरुस्ती करत नाही.

पुस्तकाबाहेरचं बोलणं इथे किती उपयोगी पडतं, याचा एक चांगला पुरावा आहे. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ-नऊ वर्षांच्या, नेमकी हीच अडचण असलेल्या मुलांबरोबर २० आठवडे काम केलं आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. एका गटाला वाचलेल्या मजकुरावरचं काम दिलं, दुसऱ्याला फक्त ऐकण्या-बोलण्याचं, तिसऱ्याला दोन्हींची सांगड. तिन्ही गट सुधारले. पण कार्यक्रम संपल्यावर सुमारे अकरा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ऐकण्या-बोलण्याचं काम केलेली मुलं सर्वांत पुढे होती. माझा स्वतःचा अनुभवही याच्या जवळ जाणारा आहे. म्हणून ज्या मुलांना ऐकलेली गोष्टही सांगता येत नाही, त्यांच्याबरोबर मी पहिले काही आठवडे पुस्तक उघडतच नाही. मधल्या सुट्टीत भांडण कशावरून झालं, चुलतभावाच्या लग्नात वऱ्हाड उशिरा का पोचलं, असं काहीतरी सांगायला लावते आणि मधे विचारते, "का बरं?" "मग त्याला काय वाटलं असेल?" "तुला कसं कळलं?" पुस्तकात जी दावं-गाय जोडणी करायची असते, तीच इथे स्वतःच्या आयुष्यातल्या घटनांवर होते, आणि वाचायचा भार नसतो. तुमची मुलगी शाळेतला प्रसंगही असा सांगू शकत नसेल, तर सुरुवात इथूनच करा. शिवाय रोज तिला वाचून दाखवा. स्वतः वाचता येतं म्हणून आपण मुलांना वाचून दाखवणं बंद करतो, आणि नेमक्या याच मुलांचं त्यात नुकसान होतं.

घरच्या प्रयत्नांची मर्यादाही सांगायला हवी. ती उशिरा बोलायला लागली होती का? "दप्तर आत ठेव आणि येताना पाण्याची बाटली घेऊन ये" अशी दुहेरी सूचना तिला नेहमी दोनदा सांगावी लागते का? कानाची दुखणी वारंवार झाली आहेत का? यातलं काही असेल तर वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवा, आणि त्याआधी श्रवणचाचणी करून घ्या. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या दोन्ही तपासण्या होतात. अगदी लहानपणी, कुणी न शिकवता, पाट्या आणि डबे वाचायला लागलेलं पण गप्पांत न रमणारं, समोरच्याच्या बोलण्याला प्रतिसाद न देणारं मूल असेल, तर बालविकास तज्ज्ञांकडूनही पाहून घ्यावं. असं काहीच नसेल तर तीन महिने घरी करून पाहायला हरकत नाही. तीन महिन्यांत ऐकलेल्या गोष्टीतही 'म्हणून' आणि 'कारण' उमटले नाहीत, तर वाट पाहू नका.

आधी त्या दोन गोष्टींची तपासणी करा, एक तिने वाचलेली आणि एक ऐकलेली. तिने जे सांगितलं ते दोन्ही वेळचं, न सुधारता, इथे लिहा. तिची ती चार-पाच वाक्यं वाचली की सुरुवात पुठ्ठ्यापासून करायची की गप्पांपासून, ते मला जास्त नेमकेपणाने सांगता येईल.